बाकाखाली सापडलेला फोटो

प्रिय सुमे,

फोनवर सांगायचं राहून गेलं म्हणून लिहितेय. आमच्या हॉस्पिटलात डे केअरचा मजला रात्री आम्ही पुसतो, तिथे दिवसा केमो देतात. परवा बाकाखाली मॉप घातला तर एक फोटो निघाला, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो काढून प्रिंट मारलेला. अक्षर आपलं नाही. पर्समधली शंभराची नोट काढून मागची भाषांची पट्टी बघितली, तर वरच्या दोन ओळींशी जुळत होतं, म्हणजे आसामी नाहीतर बंगाली, आणि बंगालचे पेशंट इथे खूप येतात.

शब्द काही कळेनात पण आकडे होते ना! बारा ओळी, प्रत्येकीत आधी नंबर मग तारीख, आणि पहिल्या नऊ ओळींपुढे टिक. तारखा मला दिसल्या त्या अशा, ३, १०, १९, २८. मधलं अंतर सात, नऊ, नऊ. हे पटेना गं, कारण दर आठवड्याला येणारे पेशंट मी रोज ऐकते, बारा आठवडे एकच औषध घेणाऱ्या बायका असतात, त्यांचं अंतर सातच असतं.

मग डावीकडच्या नंबरांकडे नीट बघितलं. ते तर एक ते बारा ओळीनेच असणार. चौथ्या ओळीला जो आकडा होता तो हुबेहूब इंग्रजी आठसारखा, आणि सातव्या ओळीचा इंग्रजी नऊसारखा! म्हणजे त्यांचा चार आपल्याला आठ दिसतो, सात नऊ दिसतो. तो रकाना म्हणजे सगळ्या आकड्यांची किल्लीच झाली, दहाव्या ओळीत शून्यसुद्धा मिळाला. आता परत वाचलं, ३, १०, १७, २४, ३१ जुलै, मग ऑगस्टच्या ७, १४, २१, २८, सगळीकडे सातच. आणि दहावी ओळ, टिक नसलेली, मी आधी ८ सप्टेंबर वाचली होती ती निघाली ४. घड्याळात पहाटेचे तीन वाजत होते आणि तारीख चारच होती! आठ समजून फोटो काउंटरच्या खणात टाकला असता तर तिथेच पडून राहिला असता.

खाली दहा आकडी फोन नंबर होता, तोही त्याच किल्लीने लिहून काढला, दिसतो तसा लावला असता तर भलत्याच कुणाला तरी लागला असता. इतक्या पहाटे कुणाला घाबरवायचं नाही म्हणून साडेसहाला लावला. एका मुलीने उचलला, हिंदी मोडकंतोडकं, पण "फोटो" म्हटल्यावर लगेच ओरडलीच. आईची फाइल गावाला भावाकडे राहिली होती, त्याने हा कागद पाठवलेला, आणि आईला कुठली केमो झाली कुठली नाही हे ती यावरच बघत होती.

ड्युटी संपली तरी मी थांबले, सुमे, घरी उशीर झाला तरी चालेल म्हटलं. आठला दोघी आल्या, आई अगदी बारीक, डोक्याला स्कार्फ. फोटो हातात दिला आणि दहाव्या ओळीवर बोट ठेवून "आज ना?" विचारलं, मुलगी म्हणाली "हां, आज". पेन माझ्याच खिशात होतं, तिला देऊन टाकलं, संध्याकाळी टिक करायला. अजून ११ आणि १८ राहिल्यात. १८ ला मी मुद्दाम थांबणार आहे.

तुझीच,
मंगल