जागा राखीव, खुर्ची रिकामी: केंद्रीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या मंगळवारी एका केंद्रीय विद्यापीठाचा निकाल लागला. इतिहासाच्या सहायक प्राध्यापकाची एक जागा, अनुसूचित जातीसाठी राखीव. मुलाखतीला आम्ही नऊ जण होतो. निकालात नावाच्या जागी एवढंच: ‘योग्य उमेदवार आढळला नाही’. याच जागेवर हा शेरा तिसऱ्यांदा आलाय आणि तिन्ही वेळा मी तिथे होते.

जानेवारी 2024 मध्ये, न भरलेल्या राखीव जागा खुल्या करायची वाट देणाऱ्या यूजीसीच्या मसुद्यावरून गदारोळ झाला, तेव्हा आपल्या मंत्रालयाने शब्द दिला होता की एकही राखीव जागा खुली करणार नाही. शब्द पाळलात हो! जागा खुली केली नाही, नुसती रिकामी ठेवली. रिकाम्या खुर्चीला आरक्षण मिळालं, आम्हाला जाहिरात.

आता ‘योग्य’ कोण, ते बघा. यूजीसीच्या 2018 च्या तक्त्यात पदवीचे मला 13, पदव्युत्तरचे 23, पीएचडीचे 30, नेटचे 5 आणि चार शोधनिबंधांचे 8 गुण मिळतात. एकूण 79. पण हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. त्याच नियमावलीत लिहिलंय की निवड केवळ मुलाखतीवर. म्हणजे दार उघडलं की बाराएक वर्षांचा अभ्यास बाहेरच राहतो. आत मला अकरा मिनिटं मिळाली. त्यातली चार गाव कुठलं, वडील काय करतात यात गेली. (वडील हमाली करायचे. सांगितलं. पुढचा प्रश्न आलाच नाही.)

तेव्हा आरक्षणाने गुणवत्ता मारली म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं की इथे गुणवत्ता मोजली कुणी? 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात म्हटलं की परीक्षेतले गुण म्हणजे गुणवत्ता नव्हे, त्यामागची सामाजिक परिस्थितीही बघावी लागते. माझी तक्रार त्याहून साधी आहे. माझे तर गुणही कुणी बघितले नाहीत.

समितीत आमच्या वर्गाचा एक सदस्य असतो म्हणाल. असतो ना. त्याला नेमतात कुलगुरू, आणि समितीचे अध्यक्षही तेच किंवा त्यांनीच नेमलेले. तो बिचारा पाणी पीत बसला होता.

2019 च्या कायद्याने प्राध्यापकांचं आरक्षण मोजताना विभागाऐवजी संपूर्ण संस्था हे एकक धरलं. दोन-तीन पदांच्या विभागात आरक्षणाचा नंबरच लागत नव्हता, तो लागू लागला. चांगलंच झालं. पण कुठली जागा कुठल्या वर्गाची हे ठरवणारी बिंदुनामावली जागा मोजते, त्या जागांवर बसलेली माणसं नाही. म्हणून कागदावर आरक्षण पूर्ण दिसतं. आमच्या ओळखीतल्या विद्यापीठांत निम्म्या तरी राखीव जागा अशाच पडून असतील; मोजणी आमचीच, चूक असेल तर खरा आकडा तुम्ही जाहीर करा.

मी मागते ते एवढंच: नऊही जणांचे मुलाखतीतले गुण लेखी कारणांसह द्या, आणि समितीत कोण होतं ते सांगा. लवकर द्या, कारण माझी तासिका तत्त्वावरची नेमणूक मार्चमध्ये संपते. तिथे मी सहा वर्षं ‘योग्य’ आहे, दर तासाच्या हिशेबाने.

आपली,
तिसऱ्यांदा न आढळलेली एक उमेदवार