तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना

ती. स्व. काकूंस,
सा. न. वि. वि.

पत्र उघड लिहितोय, कारण माझ्या अक्षरामुळे सोसायटीचं इतिवृत्त वाचता येत नाही ही तक्रारही भर सभेतच झाली होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही अप्पा बळवंत चौकातून आणलेली दुरेघी वही माझ्या हातात ठेवलीत. पन्नाशीच्या माणसाला दुरेघी! राग आला होता, आता सांगायला हरकत नाही.

रोज पंधरा मिनिटं कित्ता आणि दर रविवारी एकच वाक्य: ‘पावसाळ्यात मुळामुठेला पूर आला की आमच्या शाळेला सुट्टी मिळायची.’ तेही सराव करायच्या आधी, एकदाच लिहायचं. हात बसल्यावर लिहिलेली ओळ फोटोत छान दिसते, पण इतिवृत्त लिहिताना आधी कोण गिरवत बसतं, हे तुमचंच म्हणणं.

तिसऱ्या रविवारी अक्षर आधीपेक्षा वाईट दिसलं तेव्हा मी वही मिटलीच होती. तुम्ही फोटो पाहून विचारलंत, ‘फोन तिरका धरला होतास ना?’ खरंच धरला होता. त्यामुळे लांबची अक्षरं लहान आली होती आणि काने उगाच कललेले दिसत होते. तेव्हापासून खिडकीपाशी, सकाळच्याच उजेडात, फोन वहीच्या बरोबर वर, आणि चौकटीत फूटपट्टी. पट्टीच्या खुणा दोन्ही टोकांना सारख्या अंतरावर दिसल्या की पट्टीच्या दिशेने तरी फोटो सरळ, आणि दोन आठवड्यांचे फोटो एका मापाचे करायलाही तीच उपयोगी.

पण खरे आभार पाचव्या आठवड्याचे. तुम्ही फोटो छापून आणलात आणि प्रत्येक काना पेन्सिलीने वर-खाली लांबवलात. ओळीच्या सुरुवातीला रेघा उभ्या होत्या, पुढे जाऊन त्या पंख्यासारख्या उजवीकडे कलत गेलेल्या. मी चार आठवडे ‘ळ’ गिरवत बसलो होतो आणि दोष कोपरात होता! कोपर टेबलावर रोवून मी नुसता हात फिरवत होतो, मग काना त्याबरोबर फिरणारच. दोन शब्द झाले की कोपर उचलून पुढे सरकवायचं, एवढंच सांगितलंत. पुढच्या दोन रविवारी पंखा मिटत गेला.

तरी घड्याळ लावलं की तो परत उघडतो. सावकाश लिहिलेल्या ओळीला मिनिटभर लागतं, सभेत तेवढीच ओळ अर्ध्या मिनिटात लिहावी लागते. म्हणून आता रविवारी दोन ओळी असतात, एक सावकाश, एक घाईची. घाईचीत शिरोरेषा अजून शब्दाच्या शेवटी घसरते.

आजच्या दोन्ही ओळी झाल्यात. चहाला येताना वही आणतो. ‘ळ’कडे मात्र आधी बघू नका.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा सेक्रेटरी