‘बाईला विसावा मिळाला’ हे कशावरून?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला शेतीच्या उगमावरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे आणि भाषा सुबोध आहे, हे आधीच मान्य करते. पण मधल्या रकान्यातले एक वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. शेती आली, घर आले आणि रानोमाळ भटकणाऱ्या बाईला पहिल्यांदा विसावा मिळाला, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. आपल्याकडे ते कोणी तपासले की नाही?

मला राग येण्याचे कारण जुने आहे. काही वर्षांपूर्वी भाचीच्या शाळेच्या सहलीबरोबर एका वस्तुसंग्रहालयात गेले होते. काचेमागे मध्ये खोलगट झालेला लांबट दगड आणि त्यावर घासायचा दुसरा दगड ठेवला होता. माहिती सांगणारे गृहस्थ मुलांना म्हणाले, ‘हे दगड आल्यावर बायका घरात आरामात बसून दळू लागल्या.’ मुलींनी ते वहीत उतरवून घेतले. मी त्या गृहस्थांना बाजूला घेऊन त्या दगडांमुळे बायकांच्या हाडांचे काय झाले ते सांगितले. ‘मॅडम, मुलांना एवढं कशाला?’ एवढेच उत्तर मिळाले. नंतर लेखी निवेदन दिले, त्याला पोच आली, पण फलक बदलला नाही. आणि आता तेच वाक्य आपल्या पुरवणीत, तेही हजारो वाचकांसमोर.

मी निवृत्त दंतवैद्य आहे. दात आणि जबडे पाहण्यात आयुष्य गेले, म्हणून सीरियातल्या अबू हुरेराच्या सांगाड्यांवरचे संशोधन मी आवडीने वाचत आले. युफ्रेटिस नदीकाठचे हे गाव १९७२ आणि १९७३ साली अँड्र्यू मूर यांनी घाईघाईने खणले, कारण धरणाचे पाणी चढत होते. आज ते टेकाड जलाशयाखाली आहे. एकाच जागी आधी शिकार करून आणि रानातले वेचून राहणाऱ्यांची वस्ती होती, नंतर शेतकऱ्यांचे मोठे गाव उभे राहिले. त्यामुळे एक जीवनपद्धती जाऊन दुसरी कशी आली, हे तिथे थरांतून वाचता येते.

पहिली वस्ती सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची. लेखात शेती सुरू झाली म्हणून माणूस स्थिर झाला असे आहे, पण अबू हुरेराची माणसे शेती करण्याआधीच एका जागी राहत होती. त्यांना तसे राहणे परवडत होते. दर वसंतात गझेल हरणांचे कळप तिथून जात. ही आपल्या चिंकाऱ्याच्या जातकुळीतली हरणे. सापडलेल्या दातांवरून मारलेली जनावरे नुकती जन्मलेली, साधारण वर्षाची किंवा पूर्ण वाढलेली दिसतात, मधल्या वयाची नाहीत. म्हणजे शिकार मुख्यतः एकाच हंगामात, कळपच्या कळप अडवून होत असे. बाकी वर्षभर रानातले धान्य, बिया, फळे. जळून कोळसा झालेले दाणे पाण्यावर तरंगवून वेगळे काढले, तेव्हा गॉर्डन हिलमन यांना खाण्याजोग्या १५० हून अधिक वनस्पतींच्या बिया आणि फळे ओळखता आली. आपल्या घरात वर्षभरात एवढे प्रकार शिजतात का, ते वाचकांनीच मोजून पाहावे.

पुढे हवामान गार आणि कोरडे झाले, रानातले धान्य विरळ झाले. त्याच काळात इथल्या लोकांनी राय हे तृणधान्य पेरायला सुरुवात केली असे हिलमन यांचे मत होते. त्यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. वाद नाही तो नंतरच्या गावाबद्दल. कच्च्या विटांची घरे, गहू, जव, मसूर, आणि हळूहळू काही हजारांपर्यंत गेलेली वस्ती. शेती आल्यावरही कित्येक पिढ्या गझेलचे मांस खाल्ले जात होते. कळप कमी झाल्यावर मेंढ्या-शेळ्यांवर भिस्त गेली. लेखकाने हा सगळा बदल एका पिढीत झाल्यासारखा रंगवला आहे, तसा तो नव्हता.

आता बायकांच्या विसाव्याकडे येते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या थिया मॉलेसन यांनी इथली सुमारे १६२ माणसांची हाडे तपासली. बहुतेक हाडे शेतीच्या गावातली आहेत. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा कित्येकांत झिजलेला, काहींत पूर्ण खराब झालेला. गुडघ्याच्या हाडांवर जास्तीचे हाड वाढलेले. कमरेच्या वरचे मणके दबलेले. दंडाच्या हाडावर खांद्याचा स्नायू चिकटतो तिथे ठळक उंचवटा. नुसती कंबर गेलेली असती तर वयाचा परिणाम म्हणता आले असते. पण अंगठा, गुडघा, पाठ आणि दंड एकाच माणसात असे झिजतात, तेव्हा रोज तासन्‌तास एकाच तऱ्हेने केलेले काम शोधावे लागते.

ते काम दळणाचे. दगड जमिनीवर. बाई गुडघे टेकून बसते, टाचा वर, पायाची बोटे मुळातून दुमडून जमिनीत रोवलेली. वरचा दगड दोन्ही हातांनी धरून सगळ्या अंगाचा भार टाकत पुढे ढकलायचा, टोकाशी झटक्याने थांबायचे, मग मागे ओढायचे. ढकलताना जोर बोटांवर, थांबताना पाठीवर. इजिप्तच्या थडग्यांत दळणाऱ्या बाईच्या लहान मूर्ती सापडतात, त्यांची बैठक हीच आहे. अबू हुरेरात ही झीज प्रामुख्याने बायकांच्या हाडांत आढळली.

दळणाआधी कांडण होतेच. तिथला एक मुख्य गहू म्हणजे आपण आज दुकानात महाग घेतो त्या खपलीचाच प्रकार. खपली मळली तरी टरफल दाण्याला धरून राहते, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. टरफल काढायला उखळात कांडावे लागते. कांडलेला दाणा टिकत नाही, म्हणून लागेल तेवढेच, रोजच्या रोज. कांडण, पाखडण, दळण, आणि मग कुठे चूल. रानातली बी सुद्धा दळावी लागत असे, हे खरे. पण धान्यच मुख्य अन्न झाल्यावर या कामाला सुट्टी उरली नाही. कोवळ्या वयातल्या काही हाडांवरही डोक्यावरून ओझी वाहिल्याच्या खुणा आहेत. याला विसावा म्हणायचे असेल तर कष्ट कशाला म्हणायचे, ते लेखकाने सांगावे.

दातांची हकीकत माझ्या अधिक जवळची. सुरुवातीच्या शेतकऱ्यांचे दात खूप झिजलेले आणि काही तुटलेलेही आहेत. दळताना दगडाची कच पिठात उतरते, न दळला गेलेला कडक दाणा तसाच राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली अशा दातांवर खड्डे दिसतात. पुढे हे खड्डे कमी झाले. मॉलेसन यांच्या मते तेव्हा विणलेल्या चाळण्या वापरात आल्या असाव्यात. त्यानंतर मातीची भांडी आली, धान्य मऊ शिजू लागले, दातांची झीज आणखी घटली. पण तेव्हापासून कीड वाढली. मऊ, चिकट पिठूळ अन्न दातांच्या फटीत बसते, तिथल्या जिवाणूंना ते पोसते आणि त्यांच्या आम्लाने दात पोखरतो. माझ्या दवाखान्यात बिस्किटे खाणाऱ्या मुलांच्या दातांत मी हेच पाहत होते. बलुचिस्तानातल्या मेहरगढ या आरंभीच्या शेतकरी गावात तर ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीच्या ९ जणांच्या ११ दाढांना गारेच्या टोकाने भोके पाडलेली सापडली आहेत. जिवंतपणी पाडलेली, कारण भोकांच्या कडा नंतरच्या चावण्याने गुळगुळीत झाल्या आहेत. त्यातल्या काही दाढा किडलेल्या होत्या. भुलीशिवाय ते कसे सोसले असेल, ही कल्पना मला आजही अस्वस्थ करते.

मग माणसाने शेती का धरली, असा प्रश्न कोणी विचारील. तेवढ्याच जमिनीवर शेतीने अधिक माणसे जगवली म्हणून. शिजवलेली लापशी तान्ह्याला भरवता येते, आईचे दूध लवकर सुटते आणि पुढचे मूल लवकर येते. गाव वाढले की आसपासचे रान पुरत नाही, मागे फिरायची वाट बंद होते. पाऊस हुकला तर मात्र ठरावीक पिकांवर बेतलेले गाव उघडे पडते. आपल्या शिरूर तालुक्यातल्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात हेच दिसले. इ.स.पू. १००० च्या सुमारास मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरचा भर वाढला. हवामान कोरडे झाल्याचा हा परिणाम, असे म. के. ढवळीकर यांनी मांडले होते. पुण्याहून दोन तासांच्या वाटेवरचे हे उदाहरण लेखात का नव्हते, कळत नाही.

शिकारी माणसाचे जगणे सुखाचे होते असे मी म्हणत नाही. उपासमार, जखमा आणि बाळंतपणातले मृत्यू त्याच्याही वाट्याला होते. शिवाय सांगाड्यावर खूण उमटायला माणूस दुखण्यासकट काही काळ जगावा लागतो. लवकर मेला तर हाड निरोगीच दिसते. म्हणून हाडे वाचताना सावध राहावे लागते. पण ‘विसावा मिळाला’ या वाक्याला ती सावधगिरीसुद्धा आधार देत नाही.

आणखी एक. लेखासोबतच्या चित्रात दहा हजार वर्षांपूर्वीची बाई लाकडी खुंट्याचे गोल जाते फिरवताना दाखवली आहे आणि मागे मक्याची कणसे टांगली आहेत. गोल जाते त्यानंतर कित्येक हजार वर्षांनी आले. मका मुळात मेक्सिकोचा, तो या बाजूच्या जगात कोलंबसानंतर पोचला. हे चित्र उद्या एखाद्या मुलाच्या प्रकल्पाच्या वहीत चिकटवले जाईल. येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकारात दुरुस्ती छापावी. आतल्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळी टाकून भागणार नाही.

कळावे,

आपली,
एक निवृत्त दंतवैद्य, सातारा