‘ओडी’ म्हणजे नेमकी कधी? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस
सविनय नमस्कार.

माझी आई ७४ वर्षांची आहे, डिचोलीला राहते. तिच्या चिठ्ठीवर थायरॉइडसाठीचे थायरॉक्सिन, रक्तदाबासाठीचे अम्लोडिपिन आणि कॅल्शियम या तिन्हींपुढे एकच शब्द होता, ‘ओडी’. म्हणजे दिवसातून एकदा. पण कधी? आई तिन्ही गोळ्या सकाळच्या चहाबरोबर घेत राहिली. तीन महिन्यांत अंगात त्राण उरले नाही, पोट साफ होईना आणि रक्ततपासणीत टीएसएच वाढलेले आले, म्हणजे थायरॉइडचे औषध पुरेसे लागू पडत नव्हते. डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी “गोळी कशी घेता?” असे विचारले, म्हणून कारण सापडले. कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच अडकवते, रक्तात नीट जाऊ देत नाही. दोन्हींमध्ये निदान चार तासांचे अंतर लागते.

मग मी तक्ता केला. पहिला चुकला. डावीकडे औषधांची नावे आणि पुढे सकाळ-दुपार-रात्र असे रकाने होते. आईला दर वेळी सगळी नावे चाळावी लागत. दुसऱ्या तक्त्यात मी तिचा दिवस डावीकडे घेतला. उठल्यावर थायरॉक्सिन, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढचा अर्धा तास चहा नाही. नाश्त्यानंतर मेटफॉर्मिन आणि अम्लोडिपिन. दुपारी जेवल्यावर कॅल्शियम. रात्री जेवल्यावर पुन्हा मेटफॉर्मिन, आणि झोपताना अटोर्वास्टॅटिन, कारण चिठ्ठीवरचे ‘एचएस’ म्हणजे झोपताना. भिंतीवर लावण्याआधी प्रत्येक ओळ डॉक्टरांना वाचून दाखवली. न लागलेले अक्षर अंदाजाने भरायचे नाही, हे मी ठरवूनच टाकले होते.

फार्मसीतून एकदा अम्लोडिपिन दुसऱ्या कंपनीचे आले, गोळीचा रंग बदलला. नवे औषध समजून आई जुनीही घेणार होती. तेव्हापासून तक्त्यावर कंपनीचे नाव नाही, औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम किंवा मायक्रोग्रॅम लिहितो.

साहेब, औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, असा वैद्यकीय परिषदेचा नियम २०१६ मध्येच आला. पण सुवाच्य ‘ओडी’सुद्धा वेळ सांगत नाही. म्हणून सरकारी इस्पितळे आणि आरोग्य केंद्रांच्या चिठ्ठीवर उठल्यावर, नाश्ता, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण आणि झोपताना असे पाच रकाने मराठी-कोकणीत छापून घ्यावेत. डॉक्टरांनी खूण करावी, औषध देणाऱ्याने ते रुग्णाला वाचून दाखवावे. शेजारी वाराची जागा हवीच. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. तिथे ‘आठवड्यातून एकदा’ लिहून भागत नाही, ‘सोमवार’ असे लिहावे लागते.

वर तारीखही असावी. औषध बदलले की जुना तक्ता भिंतीवरून काढायला कोणीतरी सांगायला हवे. आमच्याकडे दोन्ही तक्ते आठवडाभर शेजारी शेजारी होते.

आपला नम्र,
डिचोलीचा एक मुलगा