नफा २६ लाखांचा की ५ लाखांचा?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महागाईच्या काळात लघुउद्योगांचा नफा वाढल्याच्या बातम्या आपल्या अर्थपानावर अधूनमधून येतात. कारखान्यांचे परिव्यय हिशेब लिहिण्यात माझा बराच काळ गेला आहे. त्या अनुभवावरून वाटते की हे नफ्याचे आकडे वाचताना तीन दुरुस्त्या मनात धरल्या पाहिजेत, आणि त्यांतल्या तिसरीकडे आपल्याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही.

कोल्हापूर परिसरातील एका लहान फाउंड्रीचे उदाहरण देतो. २०२१-२२ मध्ये बीड, भंगार आणि कोक यांचे भाव झपाट्याने चढत होते. वर्षअखेरीस नफा-तोटा पत्रकात करपूर्व नफा २६ लाख रुपये दिसला. मालकांनी ताळेबंद माझ्यापुढे सरकवला आणि बँकेच्या पासबुकातील शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “साहेब, नफा झाला असेल तर पैसा गेला कुठे?” शिल्लक वर्षारंभी होती तेवढीच होती, आणि घरखर्चासाठी फर्ममधून उचल करायची तर प्रथमच बँकेची कॅश क्रेडिट काढावी लागणार होती. (पुढील आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ढोबळ घेतले आहेत.)

पहिली दुरुस्ती घसाऱ्याची. इंडक्शन भट्टी आणि साचेकामाची यंत्रे काही वर्षांपूर्वी १ कोटी २० लाखांना घेतली होती. पंधरा वर्षांचे आयुष्य धरून दरवर्षी ८ लाखांचा घसारा लावला जात असे. तीच क्षमता आज उभी करायची तर २ कोटी १० लाख लागतात, म्हणजे या वर्षी यंत्रांची जी झीज झाली तिची आजची किंमत १४ लाख आहे. फरक ६ लाखांचा. येथे एक काळजी घ्यावी लागते. नवी भट्टी वीज कमी खात असेल, तर नुसती तिची किंमत न घेता जुन्या भट्टीइतकेच काम मिळवण्यास आज किती खर्च येईल ते पाहावे, नाहीतर दुरुस्ती फुगते. मागील वर्षांच्या घसाऱ्यात राहिलेली तूट या वर्षीच्या नफ्यातून वजा करायची नसते, ती राखीव निधीतून भागवतात.

दुसरी दुरुस्ती विक्रीखर्चाची, म्हणजे विकलेल्या मालाच्या खर्चाची. वर्षारंभी कच्च्या आणि तयार मालाचा साठा ४० लाखांचा होता, अखेरीस तो ५४ लाखांचा झाला. फाउंड्रीच्या स्वतःच्या खरेदी बिलांवरून निर्देशांक काढला, तर आरंभी १००, अखेरीस १२० आणि वर्षाची सरासरी ११० येते. दोन्ही साठे सरासरी भावावर आणले की आरंभीचा साठा ४४ लाखांचा आणि अखेरचा ४९.५ लाखांचा होतो. म्हणजे माल प्रत्यक्षात वाढला तो ५.५ लाखांचाच, आणि १४ लाखांच्या वाढीतले उरलेले ८.५ लाख केवळ भाववाढीचे आहेत. पत्रकात ते नफा म्हणून बसले, पण तेवढाच माल पुन्हा भरायला ते लागणारच आहेत. या हिशेबासाठी ग्राहक किंमत निर्देशांक वापरण्याची चूक मी अनेकदा पाहिली आहे. भाजीपाला आणि घरभाड्यावर आधारलेला तो आकडा बीड-भंगाराचा भाव सांगू शकत नाही.

तिसरी दुरुस्ती मौद्रिक खेळत्या भांडवलाची, म्हणजे सोप्या शब्दांत उधारीची. गिऱ्हाइकांकडून येणे वजा पुरवठादारांचे देणे, ही रक्कम वर्षारंभी ३० लाख आणि अखेरीस ४२ लाख होती. तोच निर्देशांक लावला तर ३० चे ३३ होतात आणि ४२ चे ३८.५. उधारीवर अडकलेला माल वाढला तो ५.५ लाखांचा, आणि उरलेले ६.५ लाख भाववाढीने गिळले. आज दिलेल्या कास्टिंगचे पैसे तीन महिन्यांनी येतात, तोवर त्याच वजनाचे कास्टिंग ओतायला अधिक रुपये लागतात. मोठ्या कारखान्यांशी कच्च्या मालाच्या दरवाढीचा करार असला, तरी नवा दर पुष्कळदा तिमाही उलटल्यावरच मिळतो, आणि मधल्या काळातला बोजा लहान पुरवठादारच वाहतो. याउलट रोखीने विकून पुरवठादारांना महिन्याभराने पैसे देणाऱ्या किराणा मॉलच्या हिशेबात ही दुरुस्ती उलटी फिरते आणि त्याला फायदा होतो.

तिन्ही मिळून २१ लाख. २६ मधून वजा जाता उरले ५ लाख. आयकर मात्र २६ लाखांवरच बसला. भागीदारी फर्मला उपकरासह ३१.२ टक्के दराने तो ८ लाखांच्या वर जातो. पासबुकाचे कोडेही येथेच सुटते. २६ लाखांच्या नफ्यात रोख न जाणारा ८ लाखांचा घसारा मिळवला की ३४ लाख होतात. त्यातून साठ्यात १४ आणि उधारीत १२ लाख गुंतले, उरलेले ८ लाख करात गेले. मालकांची उचल कर्जातून झाली यात नवल नाही. फाउंड्रीवर आधीचे कर्ज नव्हते म्हणून हिशेब येथे थांबतो. भांडवलाचा तिसरा हिस्सा कर्जाचा असता, तर २१ लाखांपैकी ७ लाखांचा भार सावकाराच्या रुपयाची किंमत घटल्याने हलका झाला असता, आणि तेवढी रक्कम नफ्यात परत मिळवावी लागली असती.

ही पद्धत मी शोधलेली नाही. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकातील भडकलेल्या महागाईनंतर सॅन्डिलँड्स समितीने १९७५ साली चालू खर्चावर आधारित लेखांकन सुचवले. घसारा आणि विक्रीखर्च या दोन दुरुस्त्या त्या समितीने मान्य केल्या, पण येणी-देणी यांची दुरुस्ती नाकारली. ती पुढे १९८० च्या लेखा मानकात आली. महागाई ओसरली, निर्देशांकांबद्दल वाद झाले, कर-आकारणीने दुरुस्त्या मानल्या नाहीत, आणि १९८८ मध्ये ते मानक मागे घेतले गेले. भारतातही सनदी लेखापालांच्या संस्थेने १९८२ मध्ये बदलत्या किमतींच्या लेखांकनावर मार्गदर्शक टिपण काढले होते, पण ते ऐच्छिक राहिले. आजही आपला आयकर घसारा मूळ खर्चावरच मोजतो, आणि साठ्याच्या मूल्यांकनात शेवटी घेतलेला माल आधी विकला असे धरण्याची मुभा देत नाही.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. लेखापालांनी वार्षिक हिशेबांसोबत या तीन दुरुस्त्यांचे एक पान जोडावे. त्यासाठी लागणारे आकडे साठ्याच्या नोंदवहीत आणि खरेदीच्या बिलांत असतातच, आणि लहान उद्योगाला ते काम दोन दिवसांचे आहे. फर्ममधून किती उचल करायची आणि गिऱ्हाइकाला किती दिवसांची उधारी द्यायची, हे मालकांनी त्या पानावरून ठरवावे. सूक्ष्म व लघुउद्योगांची बिले जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावीत असे २००६ चा कायदा सांगतो. त्या मुदतीपलीकडे थकवलेली रक्कम, प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत, खरेदीदाराला खर्च म्हणून करातून वजा मिळत नाही, ही तरतूदही २०२४-२५ या कर-आकारणी वर्षापासून लागू झाली आहे. आमच्या फाउंड्रीची उधारी नव्वद दिवसांवरून पंचेचाळीसवर आली असती, तर ६.५ लाखांतला बराच भाग वाचला असता. आपल्या दैनिकाने लघुउद्योगांच्या नफ्याच्या बातम्या देताना साठा आणि उधारी वर्षभरात किती वाढली हे दोन आकडेही सोबत छापावेत, ही विनंती.

आपला,
एक परिव्यय लेखापाल, कोल्हापूर