बाटलीवरच्या फुलीपुढची ओळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत केसगळतीवर अर्धे पान मजकूर आला होता आणि त्याच पानावर खाली एका केशतेलाची मोठी जाहिरात होती. मजकुरात खोबरेल, मोहरीचे तेल आणि ‘कांद्याचे तेल’ असे तिन्ही उपाय एका दमात सांगितले होते. मी जुळे सोलापुरात मेडिकल दुकान चालवते. सोमवारी सकाळपासून बायका त्या पानाचा फोटो दाखवून विचारत होत्या, ‘ताई, यातलं नेमकं कोणतं घेऊ?’ त्यांना काउंटरवर जे सांगितले तेच जरा सविस्तर लिहिते आहे.

जाहिरातीत तेलाच्या नावाजवळ एक छोटी फुली आहे. पानाच्या तळाशी, चष्मा लावूनही कष्टाने वाचता येईल अशा अक्षरात तिचा खुलासा आहे: ‘केस तुटल्यामुळे होणारी गळती.’ सगळी गोष्ट त्या एका ओळीत आहे. केस तुटणे वेगळे आणि मुळापासून गळणे वेगळे. तेलांच्या बाजूने जो काही भक्कम पुरावा आहे तो तुटण्याबद्दलचा आहे. दुकानात येणाऱ्या बहुतेक बायकांची तक्रार मात्र गळण्याची असते.

फरक घरी पाहता येतो. विंचरताना आलेले केस काळ्या कापडावर पसरून उजेडात बघावेत. गळालेला केस पूर्ण लांबीचा असतो आणि त्याच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्याहून बारीक पांढरा गोळा दिसतो. ते मूळ नव्हे. केसाची विश्रांतीची अवस्था संपली की तो असा गोळा घेऊनच सुटतो, मुळाची जागा त्वचेत शाबूत राहते. तुटलेल्या केसाला असा गोळा नसतो, तुकडे लहानमोठे असतात आणि टोके फाटलेली दिसतात.

आता खोबरेल. 2003 साली ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केसांच्या बटांना खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि मिनरल ऑइल लावून, धुऊन, विंचरून केसातले प्रथिन किती निघून जाते ते त्यांनी मोजले. फक्त खोबरेलाने ही झीज कमी झाली. तेल धुण्याआधी लावले तरी आणि नंतर लावले तरी. कारण असे की खोबरेलातल्या स्निग्धाम्लांपैकी जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा. त्याचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. केस पाण्यात फुगतो तेव्हा वरचे खवले उचलले जातात आणि विंचरताना झडतात. आत तेल असेल तर हे फुगणे कमी होते. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्याच एका मोठ्या कंपनीच्या मुंबईतल्या संशोधन विभागात होते, हेही वाचकांना माहीत असावे. मोजमाप पटण्यासारखे आहे, पण ते प्रयोगशाळेतल्या कापलेल्या बटांवरचे आहे. त्यात कोणाचे डोके नव्हते. त्यामुळे खोबरेलाने नवे केस उगवतात किंवा गळती थांबते असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही आणि तो संशोधकांनी काढलेलाही नाही.

आपल्याकडे जुन्या घरांत डोक्याला करडईचे तेलही लावतात. त्यात आणि सूर्यफुलाच्या तेलात मुख्य स्निग्धाम्ल एकच, लिनोलेइक. त्यामुळे प्रथिनाची झीज रोखण्याच्या बाबतीत त्याच्याकडूनही फारशी अपेक्षा ठेवू नये, असे माझे अनुमान आहे. केस मऊ राहतील, गुंता सहज सुटेल, एवढे मात्र नक्की.

मोहरीचे तेल सोलापुरात पूर्वी डोक्याला फारसे कोणी लावत नसे. आता व्हिडिओ पाहून मागतात. ‘लावलं की डोकं गरम होतं, रक्त फिरतं’ असे सांगतात. ती ऊब त्या तेलातल्या झणझणीत द्रव्याची, म्हणजे ॲलिल आयसोथायोसायनेटची. त्वचेला त्याचा दाह होतो म्हणून ती लाल होते आणि गरम लागते. लाली आली म्हणून मुळांची वाढ झाली असे होत नाही. मोहरीच्या तेलाने केसगळती थांबते असे दाखवणारी माणसांवरची नीट चाचणी उपलब्ध नाही. आणि ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांना खाज, पुरळ, खपल्या असा त्रास होतो, तो मी दुकानात वारंवार पाहते.

कांद्याचे तेल मागणाऱ्यांची संख्या सर्वांत जास्त. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, त्यामुळे इथल्या माणसाला या बाटलीचे विशेष कौतुक वाटावे हे समजते. या दाव्यामागे एक अभ्यास खरेच आहे. 2002 साली इराकमधल्या डॉक्टरांनी चाई पडलेल्या रुग्णांना दिवसातून दोनदा कच्च्या कांद्याचा रस लावायला दिला. रस लावणारे 23 जण होते. सहा आठवड्यांनी त्यांतल्या 20 जणांच्या चाईवर केस आले. नुसते पाणी लावणाऱ्या 15 जणांपैकी फक्त दोघांना आले. आकडे लक्षवेधी आहेत. पण तो आजार चाईचा. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते, रुपयाएवढी गोल जागा मोकळी होते आणि बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप भरूनही येते. वापरला तो ताजा रस, गाळलेले सुगंधी तेल नव्हे. रुग्णही मोजकेच. सर्वसाधारण गळतीला या अभ्यासाचा आधार घेता येत नाही.

तयार तेलाची बाटली उलटी करून घटकांची यादी वाचावी. अनेक बाटल्यांत पहिले नाव ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ असते, म्हणजे मिनरल ऑइल, आणि कांदा, भृंगराज, आवळा हे खूप खाली. ते घातक नाही, केस गुळगुळीत होतात आणि कंगवा सहज फिरतो. पण 2003 च्या त्या अभ्यासात प्रथिनाची झीज न रोखणाऱ्या तेलांत हेही होते. भृंगराजाचे म्हणाल तर उंदरांवरचे प्रयोग आहेत, त्यांत केसांची वाढ लवकर सुरू झालेली दिसली. माणसाच्या डोक्यावर, बाटलीतल्या प्रमाणात ते तसेच चालते हे सिद्ध व्हायचे आहे.

आता एक उदाहरण सांगते, कारण तेलाला श्रेय कसे मिळते ते त्यात दिसते. आमच्या भागातली एक तरुण शिक्षिका. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिला डेंग्यू झाला, आठवडाभर चांगलाच ताप. बरी झाली, शाळेत जाऊ लागली. नोव्हेंबरच्या मध्यावर केस मुठीने येऊ लागले. तापाचा यात काही संबंध असेल हे तिच्या ध्यानात आले नाही, कारण मध्ये दोन-अडीच महिने गेले होते. सासूबाईंनी रोज खोबरेल चोळायला सांगितले. चोळले की हातात आणखी केस येत, म्हणून तिने ते सोडून मोहरीचे तेल धरले. टाळूला खाज सुटली, कोंड्यासारखे पापुद्रे निघू लागले. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास तिने जाहिरातीतली महागडी बाटली घेतली. मार्च उजाडेपर्यंत गळती जवळजवळ थांबली. आता ती शाळेतल्या सगळ्यांना त्या बाटलीचे नाव सांगते.

मुळांच्या बाजूने हा सगळा काळ पाहावा. साधारणपणे डोक्यावरचे 85 ते 90 टक्के केस वाढत असतात आणि बाकीचे विश्रांतीत. जोराचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा अचानक उपासमारीचे डाएट झाले की पुष्कळ केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीत जातात. ही विश्रांती सुमारे तीन महिन्यांची. ती संपली की खालून नवा केस येतो आणि जुना सुटतो. म्हणजे नोव्हेंबरमध्ये तिच्या हातात आलेल्या केसांचा निर्णय सप्टेंबरमध्येच झाला होता. त्यांना कोणतेही तेल परत चिकटवू शकत नव्हते. चोळल्यावर जास्त येत होते ते आधीच सुटलेले केस. तापानंतरची ही गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप ओसरते, म्हणून गळती कमी व्हायला लागायच्या सुमाराला जी बाटली हातात असेल तिला मान मिळतो. तिने काहीच लावले नसते तरी मार्चमध्ये हेच झाले असते. तेव्हा तिच्या कपाळाजवळ बोटाच्या पेराएवढे नवे केस उभे राहिलेले मी स्वतः पाहिले. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्या हिशेबाने ते डिसेंबर-जानेवारीत उगवलेले, नव्या बाटलीचा परिणाम दिसण्याच्या आधीचे.

मग तेल लावूच नये का? लावावे, पण कामापुरते. बोअरच्या जड पाण्याने किंवा रंग, स्ट्रेटनिंगने केस राठ होऊन तुटत असतील तर डोके धुण्याच्या काही तास आधी चमचाभर खोबरेल केसांच्या लांबीवर, विशेषतः टोकांवर लावावे आणि नंतर शांपूने धुवावे. टाळूवर कोंडा, चिकट पिवळट पापुद्रे असतील तर रात्रभर तेल ठेवू नये. कोंड्याशी निगडित मॅलासेझिया नावाची बुरशी तेलातल्या स्निग्धाम्लांवरच वाढते.

आणि काही खुणा दिसल्या तर माझ्या दुकानात न येता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. भांग रुंद होत चालला असेल, कपाळाच्या कडा मागे सरकत असतील, चाई पडली असेल, टाळूवर जखमा किंवा गुळगुळीत वण असतील, किंवा गळती सहा महिन्यांच्या पुढे चालू असेल तर. डॉक्टर बहुतेक वेळा हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि थायरॉइड तपासायला सांगतात. आपल्याकडच्या बायकांत रक्ताची कमतरता इतकी सर्रास आहे की पहिल्या बाटलीचे पैसे या तपासण्यांवर खर्च झालेले बरे. भांग रुंदावण्याच्या प्रकारात मिनॉक्सिडिलसारख्या औषधाचा खरा पुरावा आहे, पण ते डॉक्टरांना विचारून आणि सलग काही महिने वापरायचे असते.

संपादक महोदय, औषधे नियम, 1945 च्या अनुसूची ‘जे’मध्ये टक्कल हा विकार आहे. त्या यादीतले विकार बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही. म्हणूनच जाहिराती ‘तुटल्यामुळे होणारी गळती’ या ओळीचा आडोसा घेतात. आपण जाहिरात नाकारावी असे माझे म्हणणे नाही. ती ओळ शीर्षकाच्या शेजारी, शीर्षकाच्याच अक्षरांत छापण्याची अट घालावी. आणि पुढच्या वेळी पुरवणीत घरगुती उपाय देताना कोणता उपाय तुटण्यावर आणि कोणता गळण्यावर, हे लेखकाकडून लिहून घ्यावे.

आपली वाचक,
एक औषधविक्रेती, जुळे सोलापूर