गव्हर्नरसाहेब, तो सहा आकड्यांचा मेसेज आमच्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येऊ द्या

माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी इंदूरच्या रामबागेत राहतो. एका बँकेत ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी रोखपालाच्या खिडकीत गेली. निवृत्त झाल्यापासून आमच्या आणि लोकमान्यनगरातल्या ओळखीच्या वयस्कर मंडळींची बँकेची कामं करून देतो. पासबुक भरून आणणं, हयातीचा दाखला देणं, अशी कामं. हे पत्र तुमच्या नावानं असलं तरी खुलं ठेवलं आहे. यातलं निम्मं मला घरोघरच्या आजी-आजोबांपर्यंत पोचवायचं आहे, आणि ज्यांच्या हाती पडेल त्यांनी आपल्या आत्या-मावशीला ते मोठ्यानं वाचून दाखवावं.

माझी चुलत बहीण, आमची अक्का, ७४ वर्षांची. शाळेत शिक्षिका होती, पेन्शन येते. २०२३ च्या नोव्हेंबरात सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी तिला फोन आला. माणूस अदबीनं हिंदीत बोलत होता. ‘माताजी, बैंक से बोल रहा हूँ. आपका केवायसी पूरा नहीं है, आज कार्ड बंद हो जाएगा, पेन्शन अटक जाएगी.’ नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना, त्यामुळे पेन्शन अडकेल म्हटल्यावर अक्का घाबरली. त्याला तिचं नाव ठाऊक होतं. मग त्यानं तिच्या कार्डाचे पहिले सहा आकडे स्वतःच वाचून दाखवले आणि म्हणाला, ‘मिला लीजिए, यही है ना?’ आकडे बरोबर निघाले आणि अक्काचा विश्वास बसला.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण खिडकीत बसलेल्या माणसाला ती माहीत असते आणि घरात बसलेल्याला नसते. कार्डाचे पहिले सहा आकडे एकट्या तुमचे नसतात. ते बँकेचे आणि कार्डाच्या प्रकाराचे असतात. त्याच बँकेचं त्याच जातीचं कार्ड ज्याच्या ज्याच्याकडे आहे, त्या सगळ्यांचे पहिले सहा आकडे तेच. तुमची बँक कोणती एवढं कळलं की ते कोणालाही वाचून दाखवता येतात. फोनवाल्याला ते ठाऊक आहेत म्हणून तो बँकेचा माणूस ठरत नाही. अक्कानं ‘हो, बरोबर’ म्हणून उरलेले दहा आकडे, मुदतीची तारीख आणि कार्डामागचे तीन आकडे स्वतःच्या तोंडानं सांगितले.

आता त्याला एकच गोष्ट हवी होती. ती ११ वाजून ३१ मिनिटांनी अक्काच्या मोबाइलवर आली. तो मेसेज मी नंतर पाहिला. काहीसा असा होता:

```
482913 is OTP for txn of INR 49850.00
on your card ending 6617.
Valid for 10 mins. Do not share.
```

साहेब, इंग्रजी येणाऱ्याला यात सगळं लिहिलेलं आहे. ४९,८५० रुपये जाणार आहेत, या कार्डावरून जाणार आहेत, आकडा दहा मिनिटं चालेल, कोणाला सांगू नका. अक्काचं सगळं शिक्षण मराठीत झालं. इंग्रजी अंक तिला वाचता येतात, इंग्रजी वाक्यं नाहीत. तिला त्या मेसेजात ओळखीचं एकच दिसलं, सुरुवातीचे सहा आकडे. फोनवाला म्हणत होता, ‘केवायसी का नंबर आया होगा, बोलिए.’ तिनं सांगितला. तो म्हणाला, ‘यह गलत हो गया, दूसरा भेजता हूँ.’ तीन मिनिटांत दुसरा आला, तोही तिनं सांगितला. त्या दुसऱ्या आकड्यानं ३८,२०० रुपये गेले. मधल्या सगळ्या वेळात तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘फोन काटना मत.’

हे वाक्य नीट ध्यानात ठेवण्यासारखं आहे. तो फोन ठेवू देत नाही, कारण त्या आकड्याचं आयुष्य काही मिनिटांचं असतं. तेवढ्यात तुमच्या तोंडून आकडा बाहेर आला नाही तर तो आपोआप मरतो. मग त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणजे समोरचा खरा की खोटा, हे म्हाताऱ्या माणसानं ओळखायची गरजच नाही. फोन ठेवला आणि उठून पाणी प्यायलं तरी काम झालं. बँकेचं खरंच काही काम असेल तर ते दुपारीही होईल आणि उद्याही होईल. फोन ठेवला म्हणून कोणाचं कार्ड बंद पडत नाही आणि पेन्शन अडकत नाही. खात्री करायचीच असेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर आपण फोन लावावा, किंवा पासबुक घेऊन शाखेत जावं. फोनवाल्यानं दिलेला नंबर किंवा इंटरनेटवर शोधून मिळालेला नंबर लावू नये, तिथेही हीच मंडळी बसलेली असतात.

नंतर मी अक्काला विचारलं, ‘अगं, आकडा कोणाला सांगू नये हे तुला माहीत नव्हतं का?’ ती म्हणाली, ‘गॅसवाल्याला नाही का सांगत मी दर वेळी?’

या प्रश्नावर मी निरुत्तर झालो. खरंच आहे तिचं. सिलिंडर आला की गॅसवाला मोबाइलवर आलेला आकडा विचारतो आणि आपण सांगतो. पार्सलवालाही विचारतो. तिथे सांगणं योग्यच असतं. आणि आपण सगळे त्याला ‘ओटीपी’च म्हणतो. मग जाहिरातीत ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ असं ऐकलं तरी ते म्हाताऱ्या माणसाच्या रोजच्या अनुभवाशी जुळत नाही, आणि न जुळणारी सूचना डोक्यात राहत नाही. म्हणून आता मी सगळ्यांना असं सांगतो:

फोनवर कोणी आकडा विचारला तर सांगायचा नाही. गॅसचा म्हणाला तरी नाही, पार्सलचा म्हणाला तरी नाही, पोलीस म्हणाला तरी नाही. माणूस दारात उभा आहे, आपली वस्तू समोर आहे, तेव्हाच त्या वस्तूचा आकडा सांगायचा. आणि मेसेजात बँकेचं नाव किंवा कार्ड, खातं असं काही दिसलं, तर दारातल्या माणसालाही सांगायचा नाही. पैसे आपल्याकडे यायला असा आकडा कधीच लागत नाही. तो लागतो आपल्याकडून जायला.

अक्काचं पुढे काय झालं तेही सांगतो. ११ वाजून ५० मिनिटांनी तिचा नातू कॉलेजातून आला आणि मोबाइल बघून हादरला. सुदैवानं तो गोंधळला नाही. एका फोनवरून बँकेत कार्ड बंद करायला लावलं आणि शेजारच्या काकूंच्या फोनवरून १९३० लावला. सायबर फसवणुकीची तक्रार घ्यायचा हा सरकारी नंबर आहे. दोन्ही फोन करावेच लागतात आणि दोन्हींची कामं वेगळी आहेत. बँकेला कळवल्यानं पुढचे पैसे थांबतात. १९३० ला कळवल्यानं गेलेल्या पैशांचा पाठलाग सुरू होतो. पैसे ज्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये पोचले असतील तिथे निरोप जातो आणि तिथे जेवढे उरले असतील तेवढे अडकवून ठेवतात. पहिले ४९,८५० तोवर या खात्यातून त्या खात्यात करत काढूनही झाले होते, ते गेलेच. दुसरे ३८,२०० अजून एका वॉलेटमध्ये पडून होते, ते अडकले. पाच महिन्यांनी, कोर्टाच्या आदेशानंतर, ते अक्काला परत मिळाले. तक्रार दुसऱ्या दिवशी केली असती तर तेही मिळाले नसते, असं मला वाटतं.

बँकेनं मात्र हात वर केले. मी भांडलो, पण नियम मलाही ठाऊक होता. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकानं स्वतःच ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून बँकेला फोन केल्याची वेळ आणि तक्रारीचा नंबर कागदावर लिहून ठेवावा. लाजेनं घरात कोणाला न सांगता दोन दिवस झुरत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्या दोन दिवसांत उरलेलं खातंही रिकामं होतं.

आता साहेब, तुमच्याकडे मागणं.

बँकेच्या काउंटरवरच्या पाट्या आणि पैसे भरायच्या स्लिपा तीन भाषांत असाव्यात, हा तुमचाच नियम. ३४ वर्षं मी त्या स्लिपा हाताळल्या. ५०० रुपये भरायच्या कागदाला तीन भाषा, आणि ४९,८५० रुपये घरबसल्या नेणाऱ्या मेसेजला एकच इंग्रजी, हे कसं? मेसेज मराठीतच हवा असा आम्हा इंदूरकरांचा हट्ट नाही. हिंदीत द्या, लिपी एकच आहे, अक्का भराभरा वाचेल. फक्त आधी रक्कम येऊ द्या आणि शेवटी आकडा. म्हणजे असं: ‘तुमच्या खात्यातून ४९,८५० रुपये जाणार आहेत. खालचा नंबर कोणाला सांगितलात तर पैसे जातील.’ सहा आकड्यांपर्यंत पोचायच्या आत डोळ्यांना पैसे दिसले पाहिजेत.

दुसरं, त्याला ‘ओटीपी’ म्हणणं सोडा. गॅस आणि पार्सलचा आकडा काय म्हणवून घेतो, हे तुमच्या हातात नाही. पण बँकांनी आपल्या आकड्याला ‘पैसे देण्याचा नंबर’ म्हणावं, एवढं तुम्ही नक्की सांगू शकता. त्या माणसाला अक्कापाशी ‘पैसे देने का नंबर बोलिए’ असं म्हणायला लागलं असतं, तर तिनं विचारलं असतं, ‘कशाचे पैसे?’

तिसरं आहे तुमच्या जानेवारी २०२५ च्या सूचनेबद्दल. बँकांनी ग्राहकाला कामाचे फोन १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरावरूनच करावेत, असं त्यात आहे. सूचना चांगली आहे, पण ती बँकांना गेली, अक्काला नाही. पासबुकाच्या पहिल्या पानावर या सूचनेचा शिक्का मारायला लावा. दहा आकडी साध्या मोबाइलवरून बँकेच्या नावानं फोन आला की तो तिथेच ठेवायचा, हे आमची माणसं शिकतील. मी त्यांना एवढीच जोड देतो की स्क्रीनवर दिसणारा नंबर खोटाही दाखवता येतो, म्हणून १६०० दिसला तरी आकडा सांगायचा नाही.

अक्काच्या फोनशेजारी भिंतीवर तिच्या नातवानं जाड पेनानं लिहिलेला कागद आहे. वर ‘फोन ठेव’. खाली कार्डामागचा बँकेचा नंबर. त्याखाली १९३०. मी ओळखीच्या घरांत तसेच कागद लावत चाललो आहे. मेसेजची भाषा बदलणं तेवढं माझ्या हातात नाही, ते तुम्ही करा.

आपला,
एक निवृत्त रोखपाल
रामबाग, इंदूर